15 ऑगस्टच्या सुटीत कोलाडला राफ्टिंग आणि कामशेतला पॅराग्लायडिंग: पैसे भरू का?

प्रश्न: आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. 15 ऑगस्टला जोडून सुटी आहे. एका ट्रॅव्हलवाल्याकडे दोन दिवसांचं पॅकेज आहे, शनिवारी कोलाडला राफ्टिंग आणि रविवारी कामशेतला पॅराग्लायडिंग. जाणारे चौघं: मी (41), नवरा (44, वजन 97 किलो, पोहता येत नाही), मुलगी (13, जानेवारीत 14 पूर्ण होतील, अगदी बारीक आहे) आणि सासरे (66, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी, पण रोज उपवनला पाच किलोमीटर चालतात). पहिल्यांदाच करतोय. सुरक्षित आहे का? आणि सीझन बरोबर आहे का?

उत्तर:

पॅराग्लायडिंगचे पैसे अजिबात भरू नका. राफ्टिंगचंही ऑगस्टमध्ये चौघांचं जमणार नाही. तुमचं हेच पॅकेज जानेवारीत मात्र छान होईल. आता कारणं सांगतो. मी कळव्याचा. एकोणीस वर्षं कोलाडच्या नदीवर बोट चालवतोय आणि हिवाळ्यात अधूनमधून कामशेतला उडतो.

आधी त्या ट्रॅव्हलवाल्याबद्दल. कामशेतचा उडण्याचा हंगाम साधारण ऑक्टोबरपासून मेअखेरपर्यंत. पाऊस लागला की तिथल्या पॅराग्लायडिंगच्या शाळा बंद होतात आणि पायलट एक तर गावी जातात, नाही तर हिमालयात. हिमाचलमध्ये तर 15 जुलै ते 15 सप्टेंबर पॅराग्लायडिंग आणि राफ्टिंग दोन्हींवर सरकारी बंदीच असते, बीर-बिलिंगसुद्धा त्यात आलं. म्हणजे 15 ऑगस्टच्या आसपास कामशेतचं उड्डाण विकणाऱ्याला एक तर हे माहीत नाही, किंवा माहीत असून तो आगाऊ रक्कम घेणार आणि रविवारी सकाळी ‘हवामान खराब आहे, त्याऐवजी लोणावळा पॉइंट दाखवतो’ म्हणणार. दोन्ही बाबतींत तुमच्या 13 वर्षांच्या मुलीला पाण्यात कुणाच्या भरवशावर उतरवायचं, याचं उत्तर मिळतंच.

पावसात का उडत नाहीत, तेही समजून घ्या, कारण ‘रिमझिम आहे, चालेल’ म्हणणारेही भेटतात. पॅराग्लायडरच्या पंखाला कडक सांगाडा नसतो. कापडाच्या कप्प्यांत समोरून हवा शिरते आणि त्या हवेच्या दाबाने पंखाला आकार येतो. कापड भिजलं की ते जड होतं आणि पंखाच्या वरच्या अंगावरून हवा नीट वाहत नाही. मग पंख डोक्यावर उघडा दिसतो, पण पुढे जायचं सोडून सरळ खाली बसायला लागतो. दिसायला सगळं ठीक वाटतं, म्हणून ते जास्त वाईट. त्यात पावसाळी वारा झटक्यांचा असतो. 15 किलोमीटर वेगाचा वारा एका ढगासरशी 40 वर जातो आणि टेकडीच्या माथ्यावर तो आणखी वाढतो. अशा वाऱ्यात पायलट कितीही जुना असला तरी तो पुढे सरकण्याऐवजी मागे टेकडीवर ढकलला जातो.

आता कोलाड. इथे उलट आहे. लोक म्हणतात पावसाळा हाच राफ्टिंगचा सीझन, आणि मजेच्या हिशेबाने ते खोटं नाही. पण कोलाडच्या कुंडलिका नदीचं पाणी कुठून येतं हे एकदा कळलं की तुमचा निर्णय तुम्हीच घ्याल.

कुंडलिकेवर वर्षभर राफ्टिंग चालतं ते भिऱ्याच्या वीजकेंद्रामुळे. घाटावरच्या मुळशी धरणाचं पाणी बोगद्यातून आणि पाइपांतून खाली भिऱ्याला येतं, टर्बाइन फिरवतं आणि मग नदीत सोडलं जातं. हे पाणी सकाळी सुटतं, काही तास वाहतं आणि ओसरतं. म्हणून कोलाडच्या बोटी सकाळीच निघतात. फेब्रुवारीत दुपारी तुम्ही त्याच जागी उभे राहिलात तर पात्रात दगड उघडे पडलेले दिसतील. सकाळी इथून बोट गेली यावर विश्वास बसणार नाही. वीजनिर्मिती झाली नाही तर पाणी नाही आणि त्या दिवशी राफ्टिंगही नाही. हा हिवाळी आणि उन्हाळी हिशेब अगदी सरळ आहे. पाणी किती येणार ते जवळपास ठरलेलं, रंग हिरवट, तळ कुठे आहे याचा गाइडला पक्का अंदाज. सुमारे बारा किलोमीटरचा टप्पा दीड-दोन तासांत होतो.

पावसाळ्यात त्याच पात्रात तीन पाणी एकत्र येतात. एक वीजकेंद्राचं. दुसरं, दोन्ही काठांच्या डोंगरांवरून उतरणाऱ्या ओढ्यांचं. आणि तिसरं, वरचे बंधारे भरले की सांडणारं. पहिलं वेळापत्रकाने येतं, बाकीची दोन पावसाच्या मर्जीने. पाऊस पडतो ताम्हिणीच्या घाटात, बोट असते खाली कोलाडजवळ. तुमच्या डोक्यावर ऊन असेल आणि वर दोन तासांपूर्वी कोसळलेला पाऊस तुम्हाला वाटेत गाठेल. म्हणून पावसाळ्यात मी आकाशाकडे कमी आणि पाण्याच्या रंगाकडे जास्त बघतो. हिरवट पाणी गढूळ झालं, त्यावर पानं-काटक्या वाहायला लागल्या, काठावरची निरगुडीची झुडपं कमरेपर्यंत पाण्यात गेली, की नदी चढतेय. हे तुम्हालाही काठावर उभं राहून दिसेल, त्याला गाइड असावं लागत नाही.

इथे ‘ग्रेड’ या शब्दाबद्दल थोडं. नदीच्या अवघडपणाला 1 ते 6 असे आकडे देतात. 1 म्हणजे संथ, 6 म्हणजे जवळजवळ अशक्य. कुंडलिका 2 ते 3 मध्ये बसते आणि सगळ्या जाहिरातींत हेच छापलेलं असतं, बाराही महिने. आकडा खोटा नाही, पण तो बोटीत बसलेल्या माणसासाठी आहे. बोटीबाहेर पडलेल्याचं काय होईल, ते तो सांगत नाही. जानेवारीत तुम्ही एखाद्या लाटेवर पडलात तर वीस-तीस मीटरवर पाणी संथ होतं, काठाला उलट दिशेने हळू फिरणारं पाणी असतं, तिथे तुम्ही आपोआप थांबता आणि बोट येऊन उचलते. ऑगस्टमध्ये पाणी चढल्यावर त्या लाटा बऱ्याचदा बुजूनच जातात, बोटीला धक्के कमी बसतात, लोकांना वाटतं आज नदी सोपी आहे. पण मधल्या संथ जागाही बुजलेल्या असतात. पडलात की थांबायला जागा नाही, आणि काठावर माती नाही तर पाण्यात बुडालेली झाडं. झाडाच्या फांद्यांतून पाणी निघून जातं, माणूस अडकतो. गाळणीत चहापत्ती अडकते तसा. आम्हा गाइड लोकांना मोठ्या लाटेपेक्षा या झाडांची भीती जास्त.

नदीवरचं माझं बारावं-तेरावं वर्ष असेल, जुलैचा शेवट. मी तेव्हा ज्यांच्याकडे होतो त्यांच्याकडे त्या दिवशी नव्वद जणांचं बुकिंग, त्यात एका कॉलेजचा ग्रुप. पाणी सकाळीच तपकिरी होतं. मी म्हणालो थांबूया, मालक म्हणाले बस परत कशी पाठवू? मीही फार ताणून धरलं नाही, ही माझी चूक. दुसऱ्याच लाटेवर डावीकडची एक मुलगी पाण्यात गेली. चाळीस-बेचाळीस किलोची असेल. तिला मोठ्यांचं लाइफ जॅकेट दिलं होतं, कारण लहान मापाची संपली होती. पाण्यात पडल्याबरोबर जॅकेट वर सरकलं आणि तिचं तोंड त्याच्या आत गेलं. ती तरंगत होती, पण श्वास घेता येत नव्हता. आमच्या कयाकवाल्या, म्हणजे छोट्या होडीतल्या मुलाने तिला गाठेपर्यंत ती पाचशे-सहाशे मीटर वाहून गेली होती. वाचली. काठावर बसवून मी तिचं जॅकेट सोडवलं तेव्हा माझे हात थरथरत होते, तिचे नाही. तिने पाणी पिऊन झाल्यावर पहिला प्रश्न विचारला, ‘माझा चष्मा सापडला का?’ त्यानंतर मी ती नोकरी सोडली.

हे सांगितलं कारण तुमची मुलगी ‘अगदी बारीक’ आहे असं तुम्ही स्वतःच लिहिलंय. राफ्टिंगला वयाची अट बहुतेक ठिकाणी 14 असते. पण वय हा फक्त सोयीचा आकडा आहे, खरी अट छातीच्या घेराची. म्हणून कुठेही, कुठल्याही ऋतूत गेलात तरी ही एक तपासणी तुम्ही स्वतः करा. जॅकेट घालून सगळे पट्टे खालून वर असे आवळायचे, आधी कमरेचा, मग वरचे. मग मुलीला हात सैल सोडून उभं राहायला सांगा आणि तिच्या मागे उभं राहून जॅकेट दोन्ही खांद्यांना धरून जोरात वर ओढा. लाजू नका, टाचा उचलल्या जातील इतकं ओढा. जॅकेट हनुवटीला किंवा कानाला लागलं तर ते तिचं नाही. दुसरं मागा. दुसरं नसेल तर ती बोटीत बसणार नाही, एवढं साधं. तसंच जॅकेटचा फोम चिमटीत दाबून बघा. वर्षानुवर्षं लोक त्यावर बसून चहा पितात, फोम चपटा होऊन जातो आणि मग ते जॅकेट नुसतं रंगीत बंडी उरतं. दाबल्यावर परत फुगलं पाहिजे. बक्कल लावताना ‘टक’ असा आवाज आला पाहिजे. बक्कल तुटलं म्हणून पट्ट्याची गाठ मारलेली असेल तर ते सरळ परत करा.

नवऱ्याचं पोहता न येणं तुम्हाला मोठं वाटतंय, मला तितकं वाटत नाही. वाहत्या नदीत तरणतलावातलं पोहणं फारसं कामाला येत नाही. उलट पोहता येणारेच उत्साहात काठाकडे सपासप हात मारतात आणि दगडांत पाय घालून बसतात. वजनाचंही तसंच. पाण्यात बुडालेल्या माणसाचं पाण्यातलं वजन चार-पाच किलोच भरतं, आणि बऱ्यापैकी जॅकेट सात किलोच्या वर उचल देतं. 97 किलोचा माणूस 60 किलोच्या माणसाइतकाच तरंगतो, कदाचित जास्तच, कारण चरबी पाण्यापेक्षा हलकी. प्रश्न एवढाच की त्यांच्या पोटावर जॅकेटचे पट्टे पुरतात का. आणि बोटीत परत ओढून घेणाऱ्याचा. त्यासाठी त्यांच्या शेजारी तुम्ही नको, एखादा दणकट माणूस बसवायला सांगा.

त्यांना एकच गोष्ट पाठ करायला लावा. पाण्यात पडलो तर पाठीवर, पाय पुढे म्हणजे प्रवाहाच्या दिशेला, पायाची बोटं पाण्याबाहेर दिसली पाहिजेत. उभं राहायचं नाही, पाणी गुडघ्याएवढं दिसलं तरी नाही. घाबरलेला माणूस पहिली गोष्ट करतो ती पाय टेकवायची, आणि नदीत माणसं दगावतात ती बऱ्याचदा त्यानेच. पाऊल दोन दगडांच्या फटीत जातं, मागून येणारं पाणी त्याला पुढे पालथं पाडतं आणि मग कमरेएवढ्या पाण्यात डोकं वर निघत नाही. दोर फेकला तर दोर धरायचा, दोराची पिशवी नाही, आणि दोर छातीशी धरून पाठीवर पडून राहायचं. वल्ह्याच्या टोकाला जी इंग्रजी टीसारखी मूठ असते तिच्यावरचा हात कधी सोडायचा नाही. ती मूठ शेजाऱ्याच्या दातावर बसते. कोलाडला झालेल्या जखमा मोजल्या तर निम्म्या वल्ह्याच्याच निघतील, लाटेच्या नाहीत.

सासऱ्यांबद्दल मी सावध बोलेन, कारण मी डॉक्टर नाही. ते रोज पाच किलोमीटर चालतात ही चांगली गोष्ट, पण राफ्टिंगची मेहनत चालण्यासारखी संथ नसते. पाच मिनिटं काहीच नाही, मग अर्धा मिनिट जीव खाऊन वल्हवणं, आणि पडलात तर अचानक गार पाण्यात बुडी, जिथे श्वास आपोआप अडकतो आणि नाडी एकदम वाढते. दुसरं म्हणजे स्टेंट बसवलेल्या बहुतेकांना रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतात. त्या चालू असताना डोक्याला किंवा बरगडीला लागलेला मार बाहेरून किरकोळ दिसला तरी आत रक्त जास्त साचू शकतं. तुम्ही त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना ‘राफ्टिंग चालेल का’ एवढंच विचारलंत तर ते ‘सांभाळून करा’ म्हणतील. वर लिहिलंय तसं नेमकं वर्णन करून विचारा आणि गोळ्यांचा विषय काढा. ऑगस्टमध्ये त्यांना न्यायला माझं स्पष्ट नाही. जानेवारीत डॉक्टर हो म्हणाले, तर शेवटच्या संथ टप्प्यात बसवण्याबद्दल गाइडशी बोलता येतं. नाही म्हणाले तर जिथे बोटी बाहेर निघतात तिथे गाडी घेऊन ते थांबतील आणि तुमचे फोटो काढतील. माझे वडील गेली दहा वर्षं हेच करतात, आणि आमच्यापेक्षा जास्त भिजून येतात, का ते त्यांनाच ठाऊक.

तरीही ऑगस्टमध्ये तुम्ही दोघांनी जायचं ठरवलंत तर मी अडवणार नाही. पण मुलगी आणि सासरे घरी, आणि काही गोष्टी ठरवून. आदल्या रात्री हवामान खात्याचा रायगडसाठीचा इशारा बघा. ऑरेंज किंवा रेड असेल तर निघूच नका. कुंडलिकेची पातळी डोलवहाळच्या बंधाऱ्याजवळ मोजतात आणि जिल्हा प्रशासन पावसाळ्यात ती रोज जाहीर करतं. इशारा पातळीच्या जवळ असली तरी विषय संपला. ठाण्याहून कोलाड सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे, पनवेल-पेण-वडखळ-नागोठणे मार्गे. पहाटे साडेचारला निघावं लागतं, आणि पावसाळ्यात या हायवेचं काय होतं ते मी सांगायला नको. रात्रभर न झोपलेला माणूस खड्डे चुकवत तीन-चार तास गाडी हाकून वल्हं धरायला बसतो, हेही मला पटत नाही. आदल्या संध्याकाळी जाऊन तिथेच राहा.

ऑपरेटर कसा ओळखायचा? पहिली गोष्ट, तुमचा ट्रॅव्हलवाला ऑपरेटर नाही. तो दलाल आहे. बोट ज्याची आहे त्याचं नाव विचारा आणि फोन त्याला लावा. महाराष्ट्र सरकारने 2021 मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यानुसार अशा व्यवसायांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. प्रमाणपत्राचा फोटो व्हॉट्सॲपवर मागा आणि त्यावरचं नाव पावतीवरच्या नावाशी जुळतंय का बघा. पण कागदापेक्षा मला फोनवरचं बोलणं जास्त सांगून जातं. मी मित्रांना एकच प्रश्न विचारायला सांगतो: ‘दादा, शनिवारी पाणी किती वाजता सुटेल, आणि जास्त आलं तर काय करता?’ चांगला माणूस म्हणेल, ‘वेळ आदल्या रात्री कळवतो. पाणी फार चढलं तर बोट काढत नाही, तारीख बदलून देतो किंवा पैसे परत.’ आणि दुसऱ्या प्रकारचा म्हणेल, ‘अहो मॅडम, जास्त पाणी म्हणजे जास्त मजा, काही होत नाही, आपली पोरं एक्स्पर्ट आहेत.’ ‘काही होत नाही’ हे वाक्य ऐकलं की फोन ठेवा. त्याच फोनवर तुमचं वय, वजन आणि सासऱ्यांचा आजार सांगून बघा. त्याने एकही उलट प्रश्न विचारला नाही, तर त्याला तुम्ही कोण आहात याच्याशी देणंघेणं नाही.

प्रत्यक्ष काठावर गेल्यावर बोटींच्या बरोबर एक वेगळी कयाक जाणार आहे का बघा, म्हणजे लहान एकट्या माणसाची होडी. तीच पडलेल्याला आधी गाठते. गाइडच्या कमरेला किंवा बोटीत फेकायच्या दोराची पिशवी हवी. आणि सूचना किती वेळ देतात ते घड्याळ लावून बघा. पंधरा-वीस मिनिटं लागली पाहिजेत आणि त्यात ‘पाण्यात पडलात तर’ हा भाग सगळ्यांत मोठा हवा. दोन मिनिटांत ‘फॉरवर्ड म्हणलं की मारा, स्टॉप म्हणलं की थांबा’ करून सेल्फी सुरू झाला, तर तुम्ही उतरू शकता. पैसे भरलेत म्हणून उतरता येत नाही, असं काही नसतं.

आता जानेवारीचा बेत, जो मी तुमच्या जागी असतो तर केला असता. मुलीला 14 पूर्ण झाल्यानंतरचा शनिवार धरा. शुक्रवारी संध्याकाळी कोलाड. शनिवारी सकाळी राफ्टिंग, अकरा-बारापर्यंत मोकळे. जेवून पाली-खोपोली मार्गे घाट चढून लोणावळ्याच्या पुढे कामशेत, रात्री तिथे मुक्काम. रविवार पूर्ण उडण्यासाठी मोकळा ठेवा, आणि ‘पूर्ण’ म्हणजे खरंच पूर्ण. उडणारी माणसं दिवसाचा मोठा भाग टेकडीवर बसून वाऱ्याची वाट बघतात, शेंगा खातात, परत वाट बघतात. चार वाजता मुंबई गाठायची म्हणून पायलटच्या मागे लागलात, तर तुम्ही त्याला चुकीच्या वाऱ्यात उडायला ढकलताय. पहिल्या उड्डाणासाठी भर दुपार नको, तेव्हा तापलेल्या जमिनीवरून हवेचे झोत उठतात आणि पंख हेलकावतो. ऊन कललं की हवा मऊ होते.

तिथे नवऱ्याचं वजन खरोखर महत्त्वाचं आहे, नदीवर नव्हतं तितकं. पायलट आणि प्रवासी अशा दोघांच्या पंखाला एकूण वजनाची मर्यादा असते, बहुतेकांची वरची हद्द 200 ते 220 किलोच्या दरम्यान. पायलट 70, नवरा 97, सामान 20-25 धरलं तर 190 च्या आसपास झालं. बसतं, पण काठोकाठ. त्यांना जास्त वारा लागेल आणि जोरात धावावं लागेल, म्हणून काही शाळा 90 किंवा 95 किलोच्या वर घेत नाहीत. वजन कमी करून सांगू नका, ट्रेकवर मित्रांना सांगता तसं. मुलीचं उलट: ती हलकी, त्यामुळे पंख जोराच्या वाऱ्यात तिला आणि पायलटला वर धरून ठेवतो, खाली यायला वेळ लागतो. तिच्यासाठी वारा कमी असलेली वेळ निवडायला सांगा.

आणि धावायच्या आधी स्वतःच्या डोळ्यांनी एक गोष्ट बघायची: मांड्यांचे दोन्ही पट्टे. छातीचा पट्टा सगळ्यांना दिसतो म्हणून लावला जातो, मांड्यांचे विसरले जातात, आणि मग हवेत गेल्यावर माणूस खुर्चीतून खाली घसरतो. फेब्रुवारी 2024 मध्ये कुल्लूजवळ डोभीला एक पर्यटक बाई अशाच खाली पडल्या, पायलटने पट्टा तपासला नव्हता. म्हणून पायलटने तपासल्यावरही तुम्ही हात लावून ‘डावा, उजवा, छाती’ असं मोठ्याने म्हणा. मुलीला म्हणायला लावा. पायलटला राग येत नाही, उलट मीही माझ्या प्रवाशाकडून हेच म्हणवून घेतो.

त्या ट्रॅव्हलवाल्याला आगाऊ रक्कम दिली असेल तर आजच फोन करा. कामशेतची रक्कम पूर्ण परत मागा, कारण ऑगस्टमध्ये ते उड्डाण होतच नाही. कोलाडचे पैसे परत द्यायला कुरकुर करेल, पण जानेवारीची तारीख मागितलीत तर बहुधा देईल, त्या काळात त्यांच्याकडे गर्दी कमी असते. तारीख व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, आणि त्यात बोटवाल्याचं नावही.